फॉरवर्ड खोटा, माणूस आपला

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी खोटी बातमी टाकली की आपल्या शिकलेल्या पिढीकडे दोनच उत्तरं असतात. एक, हसण्याचा इमोजी आणि त्याखाली 'व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी'. दोन, 'जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं' म्हणून गप्प बसणं. आमचं म्हणणं आहे की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो: खोटी बातमी जिथं पोचायची तिथं पोचते.

गप्प बसण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची सोलापूरकडची माणसं तिथं आली होती. जमावाने त्यांना टोळी ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाच जणांना ठार मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जनजागृतीची फिल्म होती. शेवटी मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तो शेवट कापून उरलेला तुकडा इकडे 'खरा पुरावा' म्हणून फिरला.

मारणारा जमाव व्हॉट्सॲपने तयार केला असं सरसकट म्हणता येणार नाही. पण संशय कुणावर घ्यायचा हे अशा मेसेजमध्ये आधीच लिहिलेलं असतं. 'साधूच्या वेशात', 'भिकाऱ्याच्या वेशात', 'चादरी विकणाऱ्यांच्या वेशात'. सुटाबुटातली टोळी कधी वाचली आहे का कुणी? मार बसतो तो पाल ठोकून राहणाऱ्याला, ज्याला त्या गावात ओळखणारं कुणी नसतं. म्हणून घरच्या ग्रुपवरचा असा मेसेज ही घरगुती गोष्ट नाही. तो दुरुस्त करायलाच हवा. प्रश्न कसा, एवढाच आहे. त्यासाठी आमच्या घरातलंच एक उदाहरण नीट उलगडून सांगतो.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ४३ माणसं आहेत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आत्याने एक फोटो आणि त्याखाली मजकूर टाकला. 'आपल्या तालुक्यात १५ जणांची टोळी आली आहे. बायका गोधड्या विकायच्या निमित्ताने येतात, पुरुष मुलं उचलतात. काल शाळेजवळून दोन मुलं गेली. सगळ्या आयाबहिणींना पाठवा.' आत्या तालुक्याच्या गावी राहते, अंगणवाडीत मदतनीस होती, आता घरी नातवाला सांभाळते. दहा मिनिटांत दोन वहिनींनी 'पाठवते लगेच' असं लिहिलं आणि पुण्यातल्या एका चुलतभावाने हसणारे तीन चेहरे टाकले.

आम्ही दोघा भावंडांनी तेव्हा ग्रुपवर एकच ओळ लिहिली: 'हा मेसेज सध्या पुढे पाठवू नका, पोलीस ठाण्यात विचारतोय, तासाभरात सांगतो.' त्यात आत्याचं नाव नव्हतं आणि मेसेज खोटा आहे असा निकालही नव्हता. तपासणी व्हायच्या आधी निकाल दिला की तो आपल्यावर उलटू शकतो. आणि 'थांबा' म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. चुलतभावाला वेगळा फोन करून ते चेहरे काढायला लावले. हे आम्ही सगळ्यांत आधी केलं, कारण चारचौघांत हसू झालेला माणूस पुढचं काहीही ऐकत नाही, तो फक्त स्वतःला सांभाळतो.

मग तपासणी. तिला वीसेक मिनिटं लागली. मेसेजच्या वर दोन बाण होते. एक बाण म्हणजे मेसेज फॉरवर्ड केलेला आहे. दोन बाण म्हणजे तो मूळ लिहिणाऱ्यापासून निदान पाच हातांतून पुढे गेलेला आहे. असे मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतात. दोन बाण असले म्हणजे बातमी खोटी असं सिद्ध होत नाही. पण पाठवणाऱ्याने ती लिहिलेली नाही आणि लिहिणाऱ्याला ती बहुधा ओळखतही नाही, एवढं कळतं. याची आठवण ठेवा, पुढे ती कामाला येते. उलट बाण नसणं हीदेखील खात्री नव्हे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला किंवा कुणी स्वतःच्या आवाजात पुन्हा बोलून रेकॉर्ड केला की बाण नाहीसे होतात.

फोटो मोठा करून बघितला. मागे एका दुकानाची पाटी होती आणि तिच्यावरची अक्षरं मराठी नव्हती, तेलुगू होती. गूगल लेन्सवर टाकल्यावर तोच फोटो काही वर्षांपूर्वीच्या पोस्टमध्ये, वेगळ्याच राज्याच्या नावाने सापडला. मग आत्याच्या गावच्या पोलीस ठाण्यात फोन केला. 'टोळी आलीय का' असं विचारलं नाही, कारण त्यावर कुणीही 'सावध राहा' एवढंच म्हणेल. विचारलं, 'या आठवड्यात तुमच्या हद्दीत मूल हरवल्याची नोंद आहे का?' ठाणे अंमलदार म्हणाले, नाही. मेसेजमध्ये ज्या शाळेकडे बोट होतं तिथल्या एका शिक्षकांना विचारलं. सगळी मुलं हजर होती.

इथं एक मर्यादा सांभाळावी लागते. आपल्याला इतकंच कळलं होतं की हा फोटो इथला नाही, ही दोन मुलं गेलेली नाहीत. 'मुलं पळवली जातच नाहीत' हे आपल्याला कळलेलं नव्हतं आणि ते खरंही नाही. मुलं हरवतात, त्यांच्या तक्रारी होतात. शिकलेली माणसं नेमकी इथं घसरतात. एक मेसेज खोटा निघाला की सगळी भीतीच मूर्खपणाची ठरवतात. मग समोरच्या बाईला वाटतं, यांना शहरात बसून काय कळणार?

आता फोन. आम्ही स्पीकर लावून दोघं बोललो. जेवणाखाण्याची, नातवाच्या खोकल्याची चौकशी झाली. मग विचारलं, "आत्या, तो मुलांचा मेसेज तुला कुठून आला गं?"

'तू का पाठवलास' असं आम्ही विचारलं नाही. 'का' म्हटलं की माणसाला खुलासा द्यावा लागतो आणि खुलासा देणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. 'कुठून' म्हटलं की तो माहिती देतो. आत्याने माहिती दिली. बचत गटाच्या ग्रुपवर आला होता. गटातल्या बाईला तिच्या माहेराहून आला होता. आणि मग आत्या न विचारता पुढचं बोलली: "सूनबाई सकाळी सातला कामाला जाते. पोराला शाळेतून मीच आणते. परवा मला पोचायला उशीर झाला, तो फाटकाशी एकटाच उभा होता. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही."

हे ऐकल्यावर मेसेजचा अर्थ बदलतो. आत्याने बातमी पाठवली नव्हती, काळजी पाठवली होती. अशा माणसाला आपण तपासणीची लिंक फेकून मारतो तेव्हा ज्या प्रश्नाने त्याची झोप उडाली आहे त्याला आपण हातही लावत नाही. म्हणून आधी फाटकाचं बोललो. शेजारच्या घरातली दोन मुलं त्याच शाळेत आहेत, तर कुणाला उशीर झाला तर दुसऱ्याने तिघांना आणायचं आणि शाळेच्या बाईंना तसं सांगून ठेवायचं असं ठरलं. हे ठरायला पाच मिनिटं लागली.

त्यानंतर म्हटलं, "आत्या, तो फोटो पुन्हा उघड. दुकानाच्या पाटीवर बोट ठेवून मोठा कर. काय लिहिलंय?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "हे आपल्याकडचं नाही दिसत रे."

तो फोटो खोटा आहे हे आम्ही सांगायच्या आधी तिने पाहिलं. आपण सांगितलेली गोष्ट माणूस उद्या विसरतो किंवा तिच्याशी भांडतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्याची होते, आणि पुढच्या फोटोतही तो पाटी शोधतो. मग पोलीस ठाण्याचं, शाळेचं सांगितलं. लगेच तिचा आवाज उतरला: "म्हणजे आता ग्रुपवर माफी मागू काय मी? सगळे हसतील."

खरी अडचण इथं असते. तोवर बातमीवर वाद उरलेला नसतो, वाद उरतो तो इज्जतीचा. तेव्हा ते दोन बाण कामाला आले. "हे तू लिहिलेलं नाहीच. हे बघ, पाच-सहा हातांतून तुझ्यापर्यंत आलंय. माफी कसली? पुढची माहिती मिळाली, ती द्यायची." मग तिच्याच शब्दांत मजकूर तयार झाला. ती बोलली, आम्ही फक्त लांबी कमी केली:

'संध्याकाळी मुलांबद्दल जो फोटो आला तो आपल्या भागातला नाही. पोलीस ठाण्यात आणि शाळेत विचारलं, एकही मूल हरवलेलं नाही. पुढे पाठवला असेल तर हेही तिथं पाठवा. गोधडी विकायला, भिक्षा मागायला येणाऱ्या माणसांना कुणी त्रास देऊ नका. शंका आली तर ११२ ला फोन करा. मुलांना शाळेतून आणायला मात्र घरचं किंवा ओळखीचं माणूस जाऊ द्या.'

या मजकुरात काय नाही तेही पाहा. टोळीचं वर्णन पुन्हा लिहिलेलं नाही. तो फोटो लाल फुली मारून पुन्हा टाकलेला नाही, कारण फुली बघण्याआधी डोळा फोटो बघतो आणि कापून तो पुन्हा फिरवणं सोपं असतं. जुन्या मेसेजला रिप्लाय म्हणून न देता हा नवा मेसेज म्हणून टाकला, म्हणजे जुना मजकूर त्याच्यासोबत ग्रुपवर पुन्हा दिसत नाही.

हा मेसेज टाकल्यावर मग मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिलीट केलं तर ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यात टोळी राहतेच, वर 'का काढला असेल' म्हणून कुजबुज सुरू होते. पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच ही सोय असते, आणि ती फक्त त्या एका ग्रुपपुरती. तिथून कुणी पुढे पाठवलं असेल तर त्या प्रती तशाच राहतात. ग्रुपचा ॲडमिनही दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो, पण मग त्या जागी ॲडमिनने काढल्याचं सगळ्यांना दिसतं. नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी ही भर चौकातली थप्पड आहे. मेसेज ज्याचा, काढणारा हात त्याचाच असावा.

आणि आता या सगळ्यातला मुख्य मुद्दा. आम्ही विचारलं, "अजून कुठं कुठं पाठवलास?" तीन ठिकाणं निघाली. विहारात येणाऱ्या बायकांचा ग्रुप, एक मैत्रीण आणि सुरतेची नणंद. शिवाय बचत गटाचा ग्रुप, जिथून तो मुळात आला. या चारपैकी एकाही ठिकाणी आम्ही नाही. आमच्याकडे एमए आहे, गूगल लेन्स आहे, पोलीस ठाण्याचा नंबर आहे, पण त्या बायकांपर्यंत जायची वाट आमच्याकडे नाही. ती आत्याकडे आहे. अफवा ज्या वाटेने येते, दुरुस्तीला त्याच वाटेने परत जावं लागतं, आणि त्या वाटेवर आत्याच उभी असते. तिला लाजवलं की ती वाट बंद होते. ती ग्रुप सोडते किंवा आपल्याला कळणार नाही अशा ग्रुपवर पाठवू लागते. आपण वाद जिंकतो, पण ज्या पालावर दगड पडायचा तो पडू शकतो. आत्याने त्या रात्री चारही ठिकाणी नवा मेसेज पाठवला. बचत गटातल्या बाईने तो आपल्या माहेरी पाठवला. पुढे कुठवर गेला ते आम्हाला कळायला मार्ग नाही.

घाई असेल तर ही सगळी रीत बाजूला ठेवावी लागते. मेसेजमध्ये एखाद्या माणसाचं नाव, गाडीचा नंबर, अमक्या वस्तीचा पत्ता असेल किंवा 'दिसले की धरा' असं लिहिलं असेल, तर आत्याचा फोन लागायची वाट पाहायची नाही. आधी पोलिसांना कळवायचं आणि ग्रुपवर स्पष्ट लिहायचं. तेव्हाही बोलायचं ते मेसेजबद्दल, पाठवणाऱ्याबद्दल नाही. पण कुणाच्या जिवाचा प्रश्न आणि कुणाच्या मनाचा प्रश्न समोरासमोर आले तर जीव मोठा. मनाची समजूत दुसऱ्या दिवशी घालता येते.

इथवर भीतीचं झालं. आपल्या घरांमध्ये दुसऱ्याही प्रकारचा खोटा फॉरवर्ड असतो, आणि तो दुरुस्त करणं जास्त अवघड जातं. तो अभिमानाचा. आमचे एक काका दर एप्रिलमध्ये पाठवतात: 'युनोने १४ एप्रिल हा जागतिक ज्ञान दिन म्हणून घोषित केला.' संयुक्त राष्ट्रांनी असं काही घोषित केलेलं नाही. त्यांच्या आंतरराष्ट्रीय दिवसांच्या यादीत १४ एप्रिलला ज्ञान दिन नाही. खरं आहे ते असं: २०१६ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या निमित्ताने न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पहिल्यांदा कार्यक्रम झाला, तो भारताच्या तिथल्या कार्यालयाने पुढाकार घेऊन केला. आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये १४ एप्रिल 'ज्ञान दिवस' म्हणून साजरा करायचं ठरवलं. या दोन खऱ्या गोष्टी फॉरवर्डमध्ये एकमेकींना चिकटून तिसरी, खोटी गोष्ट तयार झाली असावी असं आम्हाला वाटतं.

हे काकांना सांगणाऱ्याला वाटतं आपण तथ्य सांगतोय. काकांना ऐकू येतं, 'हा बाबासाहेबांना कमी करतोय.' ज्या माणसाने शाळेत मागे बसवलं जाणं भोगलं, त्याच्या लेखी तो फॉरवर्ड म्हणजे जगाने दिलेली पावती असते. ती नुसती काढून घेता येत नाही, तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. म्हणून आम्ही 'नाही' ने सुरुवात केली नाही. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाने केली. काका खूश झाले. पण 'घोषित केलं नाही' हे मात्र त्यांनी मानलं नाही. "तुम्हाला नेटवर सापडलं नसेल," म्हणाले. त्यावर आम्ही ताणलं नाही. या फॉरवर्डने कुणावर दगड पडणार नव्हता, त्यामुळे घाई नव्हती. आता दर वर्षी १२ एप्रिललाच आम्ही त्या दोन खऱ्या गोष्टी सालासकट ग्रुपवर टाकतो आणि त्याखाली लिहितो, 'ही माहिती पहिल्यांदा काकांशी बोलताना निघाली.' काका तो मेसेज पुढे पाठवतात. कधी कधी जुनाही पाठवतात. पूर्ण यश नाही, पण आता त्यांच्या मित्रांपर्यंत खरी गोष्टही जाते.

आणि आपल्या बाजूचा खोटा मजकूर दुरुस्त करायचा की नाही, यावर कार्यकर्त्यांमध्ये वाद आहे. 'विरोधकांचं खोटं आधी खोडा' असं काही जण म्हणतात. आमचं उत्तर सरळ आहे. वस्तीतलं एखादं पोरगं हाच ज्ञान दिन कॉलेजच्या भाषणात सांगतं आणि समोरचा त्याला मोबाइल उघडून दाखवतो, तेव्हा हसू त्या पोराचं होतं. बाबासाहेबांनी रुपयावर प्रबंध लिहिला तो आकडे आणि कागदपत्रं तपासून. त्यांना उसन्या पदव्यांची गरज नाही.

शेवटी एक प्रश्न आपल्या सगळ्यांना. घरात कोणाचे फॉरवर्ड आपण उघडपणे खोडतो? बघा एकदा. बहुतेक वेळा आत्याचे, मावशीचे, कमी शिकलेल्या काकांचे. साहेब म्हणून निवृत्त झालेल्या मामांचे खोटे फॉरवर्ड तसेच जातात, खाली 'धन्यवाद सर' पडतं. म्हणजे आपण खोट्यावर हसत नाही, आपल्यापेक्षा खाली दिसणाऱ्या माणसावर हसतो. ही सवय कुठून आली हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. मामांनाही फोन करा. तोच प्रश्न, त्याच आवाजात: 'मामा, हा मेसेज तुम्हाला कुठून आला?'

जय भीम.